रद्द: शनिवार, चार वाजून पाच मिनिटं

सोमवार, कार्तिक वद्य तृतीया. दुपारी चार. संस्थेची खोली, एसटी स्टँडच्या मागे.

हजर: अध्यक्ष. खानावळवाल्या वहिनी. काका, आमचे सल्लागार. घरगुती मुक्काम चालवणारे सहा जण. मी, सचिव.

गैरहजर: बोटवाले, कारण आदल्या दिवशी त्यांनीच दोर टाकून माणसं काढली होती आणि त्यांच्या मते आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी कुठलीही गोष्ट अशीच लिहायला घेते. आधी वार, मग माणसं. त्या सोमवारचं पान माझ्या वहीत अजून आहे आणि त्यावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे: "पोस्ट वहिनींनी रद्द केल्याचे लॉगवरून सिद्ध झाले." मी "सिद्ध" हा शब्द वापरला होता. "दिसते" असं लिहिता आलं असतं.

आधी झालं काय ते सांगते. आमच्या गावाला देवळामागे डोंगर आहे आणि त्याला समुद्राच्या बाजूने खडकांतून प्रदक्षिणा आहे. ओहोटीला तिथून लहान मूलही चालत जातं. भरती चढायला लागली की मधला टप्पा दोन्हीकडून तुटतो आणि माणूस कपारीत अडकतो. गावातल्यांना हे सांगावं लागत नाही, पाहुण्यांना दर आठवड्याला सांगावं लागतं. म्हणून आमच्या पर्यटन व्यावसायिकांच्या संस्थेने ग्रामपंचायतीला शब्द दिला होता की शनिवारी संध्याकाळी सहाला संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर दुसऱ्या दिवसाची भरती-ओहोटी आणि प्रदक्षिणेची सुरक्षित वेळ टाकू. गाडीतून उतरायच्या आधीच लोक ते पान बघतात. खोली विचारायला, मासे कुठे चांगले मिळतात ते विचारायला, आणि ही वेळ बघायला.

ते पान चालवायला आम्ही एक ॲप घेतलं होतं. त्यात पोस्ट आधी लिहून ठेवायची, दिवस आणि वेळ लावायची, त्या वेळेला ती आपोआप जाते. आम्ही घेतलेल्या योजनेत तीन जणांनाच प्रवेश मिळत होता. अध्यक्ष, मी आणि वहिनी. पोस्ट लिहायचं काम वहिनींचं. त्या दुपारची जेवणं आटोपली की संस्थेच्या खोलीत येऊन तिथल्या लॅपटॉपवर आठवड्याच्या पोस्ट लावून जात. त्याचं मानधन त्यांना मिळायचं, पण त्यांना त्याहून जास्त आवडायचं ते म्हणजे पानाखाली कोणीतरी लिहायचं, "वेळ बरोबर निघाली, आभारी आहोत." ते त्या खानावळीत येईल त्याला वाचून दाखवायच्या.

त्या शनिवारी संध्याकाळी पोस्ट गेली नाही. त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी लागून आलेली, गावात पाय ठेवायला जागा नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही. रविवारी पावणेदहाला पुण्याकडचं पाच जणांचं कुटुंब प्रदक्षिणेला उतरलं. साडेदहाला मागचा रस्ता पाण्यात गेला, पुढचा आधीच गेला होता. बोटवाल्यांनी वरून दोर टाकून एकेकाला ओढून घेतलं. त्यातल्या बाई घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मनगटावर निभावलं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं.

त्यांच्या मुलाने सगळ्यांसमोर मोबाइल उघडून विचारलं, "दर शनिवारी टाकता ना वेळ? काल का नाही टाकली?"

सोमवारी सकाळी ग्रामपंचायतीचा निरोप आला: सूचना का गेली नाही आणि जबाबदार कोण, हे शुक्रवारपर्यंत लेखी द्या. पत्र लिहायचं काम सचिवाचं, म्हणजे माझं. त्यात एक नाव जाणार होतं.

बैठकीत अध्यक्षांनी छापील कागद काढला. अध्यक्ष म्हणजे समुद्राकाठच्या मोठ्या रिसॉर्टचे मालक, वयाने माझ्याहून लहान, कामाला वाघ आणि घाईला त्याहून मोठे. ॲपमध्ये लॉग असतो. कोणती पोस्ट कोणी वेळ लावून ठेवली, कोणी बदलली, कोणी रद्द केली, हे तारीख-वेळेसकट त्यात आपोआप लिहिलं जातं. तो कोणाला पुसता येत नाही, अध्यक्षांनाही नाही. त्याची फाइल उतरवून त्यांनी छापून आणली होती.

"वाचतो," ते म्हणाले. "गुरुवार. पोस्ट लावली, वहिनी. शुक्रवार. पोस्ट बदलली, सचिव. शनिवार, चार वाजून पाच मिनिटं. पोस्ट रद्द केली." त्यांनी वर बघितलं. "वहिनी."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी कशाला रद्द करू?"

"ते तुम्ही सांगा. पहाटे चार वाजता उठून."

"पहाटे चारला मी तांदूळ निवडते, भाऊजी. पोस्टी न्हाय निवडत."

दोघंजण हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "यंत्र खोटं बोलतं का मग?"

"यंत्राला विचारा की. मी न्हाय केली."

एक मुक्कामवाले म्हणाले, "मागच्या बैठकीत वहिनीच म्हणाल्या होत्या, दर आठवड्याला बुडाल, मराल असं लिहिलं तर गिऱ्हाईक दिवेआगरला जाईल."

"म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "तोंडावर म्हणाले होते. आणि मग गप लिहिली का न्हाय दर आठवड्याला?"

माझ्या मनात हिशेब जुळत होता. शुक्रवारी मी वहिनींची पोस्ट बदलली होती. त्यांची भाषा गप्पा मारल्यासारखी असायची: "मंडळी, उद्या पाणी लवकर चढतंय बरं का." मला ते पटायचं नाही. सूचना एका साच्यात हवी, दर आठवड्याला तीच मांडणी, म्हणजे वाचणाऱ्याची नजर थेट वेळेवर जाते. मी साचा केला आणि त्यांच्या मजकुरावर बसवला. शनिवारी सकाळी त्यांना ते सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं. तुमचं शिक्षण जास्त." ते मला लागलं होतं. आता मला वाटलं, म्हणजे तेव्हा त्यांना आधीच ठाऊक होतं. पहाटे उघडून बघितली, राग आला, रद्द केली, आणि तोंड वर करून "बरं" म्हणाल्या.

संशय आला की प्रत्येक जुन्या वाक्याला नवा अर्थ चिकटतो. त्या दुपारी मला वहिनींची दोन वर्षांतली सगळी वाक्यं आठवली.

काका कोपऱ्यात बसून कागदाकडे लांबून बघत होते. ते म्हसळ्याच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अध्यक्षांनी विचारलं, "काका, तुम्हाला काही माहीत आहे? रद्द कोणी केली?"

"रद्द केल्याचं मला माहीत नाही," काका म्हणाले. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

अध्यक्षांनी तिथेच स्वतःचा लॅपटॉप उघडून वहिनींचा प्रवेश काढून टाकला. तीन बोटं हलली आणि झालं. वहिनी उठल्या. खोलीची चावी त्यांनी कनवटीतून काढून टेबलावर ठेवली. फेकली नाही, ठेवली.

"पंचायतीला माझं नाव लिवणार?" त्यांनी मला विचारलं. अध्यक्षांना नाही.

"लॉगमध्ये आहे ते लिहिणार," मी म्हणाले.

"लिवा. माझ्या पोराची सोयरीक चालली हाय, ते पण लिवा खाली. माणसं बुडवणारीचा पोरगा."

त्या गेल्यावर कोणीतरी म्हणालं, बाई फार बोलते. बैठक संपली. मी वही मिटली.

मंगळवारी माझ्या मुक्कामाच्या खोल्यांत पाहुणे होते, पत्राला हात लागला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पत्र टाळलं आणि टेहळणी केली. खानावळीवरून दोनदा गेले. वहिनी काय करतात, कोणाशी बोलतात, मला बघून आत जातात का. त्या दोन्ही वेळा भाकऱ्या थापत होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. याचाही मी अर्थ काढला.

बुधवारी सकाळी पत्र लिहायला बसले. पंचायतीला अर्धवट काही द्यायचं नाही म्हणून सोबत लॉग जोडायचं ठरवलं, आणि अध्यक्षांच्या कागदाची झेरॉक्स काढण्याऐवजी मीच फाइल पुन्हा उतरवली. मला दुसऱ्याने काढलेला कागद पुढे पाठवायला आवडत नाही.

पहिल्याच नजरेत जे खटकलं ते माझ्याबद्दल होतं, वहिनींबद्दल नव्हे. लॉगमध्ये होतं: शुक्रवार, पोस्ट बदलली, सचिव, ११:५०. शुक्रवारी अकरा पन्नासला मी माझ्या घरच्या लॅपटॉपजवळच नव्हते. पौर्णिमेचा दिवस, चार खोल्यांच्या चादरी बदलत होते, नवी माणसं बाराला येणार होती. वही काढली. शुक्रवारच्या पानावर: "४.३० चहा. ५.०० खोली क्र. ३ नळ. ५.२० पोस्ट, साचा बसवला." माझ्या वहीत वेळ चुकत नाही. चुकत असती तर मी वही ठेवलीच नसती.

अकरा पन्नास आणि पाच वीस. मी वजाबाकी केली. साडेपाच तास.

मग मी वेळांकडे नीट बघितलं. प्रत्येक वेळेच्या शेवटी झेड हे इंग्रजी अक्षर होतं. अध्यक्षांच्या कागदावरही होतं, आम्हा सगळ्यांच्या नजरेखालून गेलं होतं. माझा भाचा पनवेलला संगणकाचंच काम करतो, त्याला फोन लावला.

"मावशी, झेड म्हणजे ग्रीनविचची वेळ," तो म्हणाला. "स्क्रीनवर कॅलेंडर बघतेस तेव्हा ते आपली वेळ दाखवतं. फाइल उतरवलीस की मूळ वेळ येते. साडेपाच तास मिळवायचे."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. ग्रीनविच कोणात भेदभाव करत नाही."

चार पाच अधिक साडेपाच. नऊ पस्तीस. शनिवारी सकाळचे नऊ पस्तीस.

शनिवारचं पान उघडलं. "९.०० ते ११.००, श्रीवर्धन बाजार. सोबत वहिनी." नऊ पस्तीसला वहिनी माझ्या शेजारी उभ्या राहून कांदेवाल्याशी भांडत होत्या. त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने त्या कुजके कांदे बाहेर फेकत होत्या. फोनवरून केलं असेल का, असा विचार लगेच आला. संशय काही एका झटक्यात जात नाही. पण त्यांच्या फोनमध्ये ते ॲप बसतच नव्हतं. जागा नाही, नातवंडाचे फोटो भरलेत, असं त्याच मला सांगत होत्या आणि म्हणून पायपीट करून लॅपटॉपवर यायच्या. आणि संस्थेच्या त्या लॅपटॉपवर त्यांचं नाव कायम उघडं असायचं. कोणी बाहेर पडायचं बटण दाबत नसे, कारण पुन्हा पासवर्ड घालावा लागे.

लॉगला हात दिसत नाही. कोणाच्या नावाने दार उघडं होतं, तेवढंच दिसतं. हे मला, याद्या करणारीला, कळायला हवं होतं.

खोलीच्या चाव्या तीन. एक अध्यक्षांकडे, एक वहिनींकडे, एक काकांकडे. वहिनी बाजारात. अध्यक्ष शनिवारी सकाळी मांडव्याला होते, मुंबईच्या बोटीने येणारी पाहुण्यांची तुकडी घ्यायला. गाडी माझ्या घरासमोरूनच गेली होती. उरले काका. शनिवारी सकाळी ते खोली उघडून वर्तमानपत्र वाचत बसतात, हे गावाला माहीत आहे.

म्हणजे काका. आणि काका बैठकीत म्हणाले होते, रद्द केल्याचं मला माहीत नाही. माझा संशय एका घरातून उठला आणि दुसऱ्या घरी जाऊन बसला. काकांकडे जाताना वाटभर मी त्यांच्यासाठी कठोर वाक्यं जुळवत होते.

काका ओटीवर सुपारी कातरत होते. "ये गं. बस."

मी बसले नाही. "काका, शनिवारी सकाळी साडेनऊला तुम्ही लॅपटॉपवर होता?"

"होतो."

"आणि प्रदक्षिणेची पोस्ट रद्द केली?"

"रद्द?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "रद्द नाही केली. त्रुटी होती म्हणून परत केली."

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे परत. कागदात चूक असली की ज्याचा कागद त्याच्याकडे परत जातो, तो दुरुस्त करून पुन्हा सादर करतो. चाळीस वर्षं हेच केलं. तिथे एक बटण होतं, ते दाबलं, पोस्ट यादीतून गेली. म्हटलं गेली तिच्या टेबलावर."

"ते बटण रद्दचं होतं, काका."

"त्यावर इंग्रजीत काहीतरी होतं. लाल होतं. लाल शेरा म्हणजे त्रुटीच की."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत रद्द कोणी केली. मी केली नव्हती." ते खरोखर गोंधळले होते, हे मला दिसत होतं. "आणि कागदावर तिचं नाव होतं ना? मला वाटलं, माझ्याकडून परत गेल्यावर तिनेच पुढे रद्द केली असेल. रागाने."

म्हणजे काकांनीही वहिनींचा संशय घेतला होता. एका खोलीत बसून आम्ही सगळ्यांनी एकाच बाईचा संशय घेतला होता आणि प्रत्येकाकडे स्वतःचं वेगळं कारण होतं.

वहिनींना कळवणारा निरोपही गेला नव्हता. तुमची पोस्ट दुसऱ्या कोणी रद्द केली तर ॲप तुम्हाला मेल पाठवतं. स्वतःची स्वतः केली तर पाठवत नाही. लॅपटॉप वहिनींच्या नावाने उघडा होता, त्यामुळे ॲपच्या लेखी ती त्यांनी स्वतःच केली होती.

मी उठणार होते. मग सहज विचारलं, "पण त्रुटी कसली होती?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "तू घाटावरची, म्हणून विचारतेस. रविवारी कोणती तिथी होती?"

"द्वितीया."

"तिची पाऊणपट किती?"

"दीड."

"तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दीडला पूर्ण भरती. तिने तसं लिहिलंही होतं, भरती दीड वाजता. आणि खाली काय होतं? प्रदक्षिणेची सुरक्षित वेळ, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन." त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला नाही, हातात तसाच धरून ठेवला. "ऐन भरतीत माणसं खडकात उतरवायची होती का? ती खानावळवाली कोळणीची लेक. ती असं लिहील कशी, हेच मला कळेना."

मला कळलं. तिथेच, ओटीच्या पायरीवर. पण मी घरी जाऊन खात्री केली, कारण खात्री केल्याशिवाय मी काही मानत नाही.

अध्यक्षांनी फाइल छापली तेव्हा कागद अपुरा पडला होता आणि उजवीकडचे रकाने कापले गेले होते. त्या रकान्यांत पोस्ट बदलण्याआधीचा मजकूर आणि बदलल्यानंतरचा मजकूर असतो. मी पडद्यावर उजवीकडे सरकत गेले.

आधीचा, वहिनींचा: "मंडळी, रविवारी पाणी लवकर चढतंय बरं का. भरती दुपारी दीडला. प्रदक्षिणा सकाळी नऊच्या आत उरकून वर या. नंतर संध्याकाळपर्यंत खडकात पाय नको."

नंतरचा, सचिवांचा: "रविवार. भरती: दुपारी १.३०. प्रदक्षिणेची सुरक्षित वेळ: सकाळी १० ते दुपारी ३.३०. कृपया सहकार्य करावे."

साचा मी आदल्या आठवड्याच्या पोस्टवरून केला होता. तेव्हा दशमी होती, ओहोटी दुपारी दीडला, दहा ते साडेतीन अगदी बरोबर. नव्या पोस्टवर तो बसवताना मी वार तपासला, भरतीची वेळ बदलली, आणि तिसरी ओळ तशीच राहिली. शेवटी "कृपया सहकार्य करावे" मात्र आठवणीने घातलं.

काकांनी ते लाल बटण दाबलं नसतं तर ती पोस्ट शनिवारी सहाला गेली असती. पाच माणसं अडकली ती पोस्ट नव्हती म्हणून. असती तर दहा वाजता किती उतरली असती, याचा विचार मी त्या दिवशी केला आणि मग चहा ठेवायला उठले, कारण दुसरं काही सुचेना. या सगळ्या घडामोडींत बरोबर लिहिणारी एकच बाई होती आणि आम्ही तिची चावी काढून घेतली होती.

गुरुवारी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा "अरे देवा" म्हणाले, आणि मग व्यवहारावर आले. "ताई, असं करू. 'तांत्रिक अडचणीमुळे' लिहा. कोणाचंच नाव नको. वहिनी सुटल्या, तुम्ही सुटलात, काका सुटले."

"वहिनींचं नाव गावात गेलंय. ते तांत्रिक अडचणीने परत येईल का?"

"आणि तुमचं गेलं तर? सचिवाच्याच चुकीने माणसं बुडत होती म्हणतील. तुमच्याकडे पाहुणे येतात, ताई."

हा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. रात्रभर तोच होता. पण पत्र माझ्या सहीचं होतं. मी लिहिलं: पोस्ट वहिनींनी वेळेवर आणि बरोबर लावली होती. सचिवांनी बदल करताना सुरक्षित वेळ चुकीची घातली. ती चूक पाहून सल्लागारांनी, वहिनींच्या नावाने उघड्या राहिलेल्या लॅपटॉपवरून, पोस्ट थांबवली. दुरुस्त पोस्ट लावण्याचा निरोप कोणालाच गेला नाही. सोबत लॉग, सर्व रकान्यांसह, आडव्या कागदावर. वेळांत साडेपाच तास मिळवून वाचावे.

शुक्रवारी पत्र दिलं. पंचायतीने ते फाइलला लावलं आणि यापुढे प्रत्येकाने स्वतःच्या नावानेच काम करावं, असं कळवलं. आम्ही चौथा प्रवेश विकत घेतला, काकांना पासवर्ड दिला, लाल बटणाचा अर्थ सांगितला. मराठीत चिठ्ठी लिहून लॅपटॉपवर चिकटवली. एवढं सगळं दोन दिवसांत झालं.

वहिनींचं राहिलं. एकदा काढलेला प्रवेश पुन्हा द्यायचा तर ॲपमधून आमंत्रण जातं आणि त्या माणसाने ते स्वीकारावं लागतं. मी पाठवलं. सात दिवसांनी त्याची मुदत संपली. पुन्हा पाठवलं. पुन्हा संपली. लॉगमध्ये ते ओळीने आहे: आमंत्रण पाठवले, सचिव. मुदत संपली. आमंत्रण पाठवले, सचिव. मुदत संपली.

मग पत्राची प्रत घेऊन खानावळीत गेले. जेवणाची वेळ टळलेली होती, त्या एकट्याच भांडी पालथी घालत होत्या. मी पत्र पुढे केलं. त्यांनी हात पुसले, उभ्यानेच वाचलं, शेवटपर्यंत.

"बरं लिवलंय," त्या म्हणाल्या. "साच्यात."

"वहिनी, माझं चुकलं."

"व्हय. चुकलं." त्यांनी पत्राची घडी माझ्या हातात परत दिली. "हे पंचायतीच्या कपाटात गेलं. तिथं कोण बघतंय? माझं नाव घेतलंत ते धा माणसांत. सोयरीकवाल्यांच्या कानावर गेलं ते त्या धा माणसांतनं, कपाटातनं न्हाय. जिथं बोललात तिथं बोला. त्याच खोलीत, त्याच माणसांपुढं. मग धाडा तुमचं आमंत्रण."

"पुढच्या बैठकीत बोलते."

"बघू," त्या म्हणाल्या आणि मोरीकडे वळल्या.

पुढची बैठक ठरली तेव्हा नाताळची गर्दी होती, तिघेच आले. त्यानंतरची ठरली तेव्हा अध्यक्ष गावात नव्हते. तिसऱ्या वेळी सात जण आले होते. दहा नव्हते, म्हणून मी विषय घेतला नाही, आणि त्यात माझी किती सोय होती हे मला माहीत आहे. पोस्ट आता मीच लिहिते, काकांना दाखवून. वेळ बरोबर असते. खाली आभार कोणी लिहीत नाही.

बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच आहे: मागील इतिवृत्तातील "सिद्ध झाले" हे वाक्य सर्वांसमोर वाचून मागे घेणे. चौथ्यांदा लिहिला आहे. अजून घ्यायचा आहे.